भिंतीला सोडलेली फट

आमची रस्त्याकडची भिंत पडली तेव्हा मी ऑफिसात बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी बंगल्याचा नकाशा काढत होते. नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "भिंत पडली. आणि आप्पा घरात नाहीत."

आप्पा म्हणजे माझे वडील. पहिला विचार हाच आला, की आप्पा भिंतीखाली सापडले. रिक्षात बसल्यावर नवऱ्याचा दुसरा फोन आला. विटांखाली कुणी नव्हतं. आप्पा त्या विटांवरूनच चालत रस्त्याला लागले होते, अनवाणी. दिवेलागणीला ते कन्नड गावाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत उभे होते, "माझी मेंढरं दिसली का वो इकडं?"

मेंढरं विकून जमाना झाला. आप्पांचा सगळा जन्म कन्नडकडच्या रानात मेंढरांमागं गेला. आई गेली, मग त्यांचं विसरणं वाढत गेलं आणि मी त्यांना शहरात माझ्या घरी आणलं. लेकीच्या घरी बाप राहतो म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, ती मुरडू दिली. सकाळचे आप्पा एकदम शहाणे असतात, चहात साखर कमी पडली तरी सांगतात. ऊन उतरलं की मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मेंढरं बाहेर राहिली, त्यांचा वाडा लावायचा राहिला, असं घोकत दाराकडं निघायचे. दिवसा त्यांच्यापाशी माझ्या सासूबाई असतात. पण सासूबाईंचे गुडघे असे, की आप्पा फाटकापर्यंत पोचले तरी त्या अजून पलंगावरून उठत असतात. आमची सगळी भिस्त भिंतीवर आणि फाटकाच्या कुलपावर होती.

आणि भिंत कसली, तर ताब्याची. आमच्याकडं प्लॉट घेतला की माणूस आधी धावत जाऊन भिंत घालतो, शेजाऱ्यानं हातभर सरकू नये म्हणून. आधीच्या मालकानं तेच केलं होतं. काळ्या मातीत गुडघाभर चर, त्यात चार दगड, वर सलग ऐंशी फूट वीट. कॉलम एकही नाही. इथली काळी माती लई लबाड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच फुगून वर येते. तिच्यावर नुसती टेकवलेली भिंत वर्षानुवर्षं उचलली जाते, खचते, तडकते. आमच्या भिंतीच्या तडांतून तर रस्त्यावरचे दिवे दिसायचे.

नवरा म्हणाला, "ब्लॉक आणू, आठ दिवसांत उभी करू. आप्पांचा प्रश्न मिटेल."

"आणि दोन वर्षांनी त्यांच्याच अंगावर पडली म्हणजे?"

"मग तोवर काय, दावं लावायचं त्यांना?"

त्याचंही खोटं नव्हतं. भिंत नीट बांधायची तर दीड-दोन महिने घर उघडं राहणार होतं, आणि त्यातल्या कुठल्याही संध्याकाळी आप्पा निघून गेले असते. घाईनं बांधली तर पुन्हा पडणार. आगीतून फुफाट्यात. मला रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी मी नीटच बांधायचं ठरवलं, रस्त्याकडं तारेची जाळी आणि हिरवं कापड ठोकलं, आणि संध्याकाळी लवकर सुटायची ऑफिसात परवानगी मागितली.

मिस्त्री शहरातलाच, आमच्या ऑफिसची बरीच कामं केलेला. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाजी, नक्शा आपका, दिवार मेरी. बारा फुटावर कॉलम देतो, मस्त दिसेल."

"मस्त दिसायला मला तिची वरात काढायची नाही. आठ फुटांवर दे."

काळ्या मातीखालचा, न फुगणारा मुरूम लागेपर्यंत प्रत्येक खड्डा खणायचा, हे आमचं ठरलेलं. छातीइतकं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पिवळा, कडक मुरूम लागला. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात मात्र काळीच माती निघत राहिली. मिस्त्री कंटाळून म्हणाला, "बस झालं बाजी, आता काय पाताळात जायचं का?" मी खड्ड्याच्या काठावर तशीच उभी राहिले. अजून दोन फूट गेल्यावर टिकाव खणकन वाजला. मिस्त्री खालून हसला, म्हणाला, "लो, आ गया आपका मुरूम." त्यावर काँक्रीटचा थर, लोखंडाची जाळी, आणि मग कॉलम उभे राहिले.

जमिनीलगतचा बीम कॉलम ते कॉलम नेला. तो मातीवर टेकवला नाही, खाली जाड थर्माकोल घालून ओतला. माती फुगली तर तिनं थर्माकोल दाबावा, बीम उचलू नये. नवरा ते बघून म्हणाला, "भिंत बांधतेस का धरण?" आणि मधोमध, एकाच पायावर दोन कॉलम शेजारी शेजारी उभे केले, त्यांच्यात इंचभर फट, तेव्हा तर त्यानं कपाळाला हात लावला. "लोक भिंत बांधतात. तू बांधून मधेच तोडतेस!"

त्याला समजावून समजावून माझ्या नाकी नऊ आले. ऐंशी फूट भिंत म्हणजे उन्हात तापली की लांबते, गार झाली की आखडते. दिसत नाही, पण ती जागा मागते. आपण जागा दिली नाही तर ती स्वतः तडकून घेते. म्हणून पायाच्या वर बीम, वीट, प्लास्टर, माथ्यावरचं कोपिंग, सगळंच्या सगळं तिथं तुटक ठेवायचं. दोन भिंती शेजारी शेजारी, एकमेकींना न लागता.

आप्पांना मी काम दिलं, भिंतीला पाणी मारायचं. मला वाटलं, तेवढाच वेळ जाईल. पण माणूस रमला. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक वीट कोरडी ठेवायचे नाहीत. मिस्त्रीनं टांगलेली पोती सरकली तर त्यालाच झापायचे. एकदा सासूबाईंना म्हणाले, "वाडा लई दांडगा व्हतोय." धनगर ज्यात रात्री मेंढरं कोंडतात तो वाडा. सासूबाई हसल्या, मी पण हसले. पुढं त्याचं काय होईल याची कल्पना कुणालाच नव्हती.

प्लास्टर झालं. फट मात्र उघडीच होती. प्लास्टर पुरतं वाळल्यावर रंगाच्या आधी ती भरायची असं मिस्त्रीचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मग एका भर दुपारी मी बघते तर फटीच्या कडेला कोपिंगजवळ प्लास्टरचा टवका उडालेला. वाकून आत पाहिलं, तर फटीत खडे! चांगले कठीण, ठोकून बसवलेले. खाली बाभळीचे काटे कोंबलेले. म्हणजे भिंत उन्हानं लांबली, फट मिटायला गेली, मधे दगड आला, आणि कड फुटली.

माझं डोकंच फिरलं. मिस्त्रीला फोन लावून नको नको ते बोलले. "तुझ्या माणसांनी कचरा भरला फटीत! एवढं करून मातीत घातलंस!"

तो तडक आला. "अरे बाजी, मैं कायकू डालूंगा? माझी भिंत मीच फोडू का?" आम्ही दोघं तिथंच भांडत उभे, तोवर आप्पा पदरात, म्हणजे धोतराच्या ओच्यात, खडे घेऊन आले. आमच्याकडं ढुंकूनही न बघता खाली बसले आणि एक खडा फटीला लावून दुसऱ्यानं ठोकायला लागले.

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मी आप्पांशेजारी खाली बसले.

"आप्पा, काय करताय?"

"भगदाड हाय की गं. लांडगं येतंय हितनं. कोकरं बी निसटत्यात. कुणी ठेवलं असलं अर्धवट काम?"

मिस्त्री हळूच म्हणाला, "म्हटलं नव्हतं? पूरा इल्जाम मेरे पे." मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी म्हणत होते माणूस भिंतीत रमला. हा माणूस तर रोज संध्याकाळी या एका इंचापाशी येऊन घाबरत होता. त्यांच्या लेखी वाडा अजून लागलेलाच नव्हता. म्हणून तर ऊन उतरलं की त्यांची तीच तगमग चालू होती.

मिस्त्री तिथंच खाली बसला. मघाचं सगळं विसरून म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर आहे. बंद करूनच देतो." आम्ही सळईच्या तुकड्यानं एकूणएक खडा उकरून काढला. काटे काढताना माझी बोटं सोलली. कड पुन्हा करून घेतली. ती सुकल्यावर फटीत थर्माकोलची पट्टी सरकवली आणि दोन्ही तोंडांना रबरासारखं राहणारं सीलंट भरलं, भिंतीच्याच रंगाचं. भिंतीला हलायला जागा तेवढीच राहिली, दिसायला मात्र फट उरली नाही. आप्पांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. अंगठ्यानं दाबलं, ते दबलं, तेव्हा जरा थबकले. मग मान हलवली. "आता झाला वाडा."

त्या संध्याकाळी ते दाराकडं गेले नाहीत. पहिल्यांदा वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीच्या कडेनं एक फेरी मारून यायचे आणि ओट्यावर बसायचे, सासूबाईंशी शेळीच्या दुधावरून वाद घालत. पावसाळा आला, माती फुगली, भिंतीवर केसाएवढीही रेघ उठली नाही. मी रोज छत्री घेऊन बघून यायचे, नवरा चिडवायचा. पण माझ्या जिवात खरा जीव आला तो नंतर.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर फाटक सताड उघडं. नवरा स्कूटर काढून गेला होता आणि कुलूप लावायचं विसरला होता. रस्ता समोर मोकळा. तशीच धावत गेले, तर आप्पा फाटकात उभे, एका हातानं फाटकाची झडप धरून. बाहेर पाऊल नाही. ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, केव्हाचे उभे आहेत. लावा म्हटलं तर लावत नाहीत, बाहेरही जात नाहीत."

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. रागावून म्हणाले, "कुठं राहिली व्हतीस? सगळी आली, तू एकटीच मागं. कवाचं दार धरलंय."

लेक म्हणून ओळखलं, का कळपातली म्हणून, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मी आत आले, आणि त्यांनी कडी लावली.