काका धाकटा, पुतण्या थोरला आणि सावलीकडचं सोनं

लग्नाला पाच वर्षं झाली, पण दसऱ्याला सासरवाडीला जाणं काही जमलं नव्हतं. या वेळी माधवीनं मला विचारलंच नाही, थेट तिकिटं काढली. पुण्याहून नागपूर रात्रीच्या गाडीनं आणि तिथून भाड्याची कार. तिच्या बाबांचे काका, म्हणजे बापूआजोबा, दिवाळीनंतर घर बंद करून मुलाकडे कायमचे नागपूरला जाणार होते. बाबा आणि बापू एकमेकांशी बोलत नव्हते. हा शेवटचा दसरा होता आणि माधवीच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

आता यातली गंमत सांगतो. बापूआजोबा नात्यानं माझ्या सासऱ्यांचे सख्खे काका, पण वयानं तीन वर्षांनी लहान. दोघं एकाच शाळेत शिकले, एकत्र गुरं राखली, एकमेकांना अरेतुरे करत म्हातारे झाले. बिनसलं ते आमच्या लग्नात. व्याहीभेटीला मुलीकडून पहिला मान काकाचा, असं बापूंचं म्हणणं होतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वयानं सगळ्यांत थोरल्या मावसभावाला पुढे केलं. बापू न जेवता मंडपातून उठून गेले. तेव्हापासून दर दसऱ्याला दोघंही आपापल्या ओसरीवर ताटात सोनं मांडून बसतात. सोनं द्यायला धाकट्यानं थोरल्याकडे जायचं असतं, आणि इथे दोघंही थोरले!

नागपूर-चंद्रपूर रस्ता झकास आहे. टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. समोरून पांढरे कपडे घातलेल्या लोकांनी भरलेल्या गाड्या निळे झेंडे लावून नागपूरकडे चालल्या होत्या. त्यांच्यासाठी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. वरोऱ्याला थांबून तर्रीपोहे खाल्ले. दोघांचे मिळून शंभराच्या आत भागले आणि नाकातून पाणी आलं ते वेगळं. तिथेच झेंडू घेतला, शेजारी एक बाई सोनं विकत होत्या, म्हणून मोठ्या ऐटीत चार जुड्या त्याही घेतल्या.

चंद्रपूरहून मूल गावाकडे वळलं की जंगल सुरू होतं. इथे गाडी हळू चालवा, रानडुकरं आडवी येतात. मूलच्या पुढे सावली गावापर्यंत दोन्ही बाजूंना धान, लवकर येणारं हलकं धान पिवळं पडलेलं, उशिराचं भारी अजून हिरवं. सावलीच्या अलीकडे आत वळलं की आमचं गाव. राहायची सोय नसेल तर मूल किंवा गडचिरोलीला लॉज मिळतात.

घरी पोचल्यावर माझ्या जुड्या बघून सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "जवाईबापू, हा कांचन होय. आपटा नाई." मग त्यांनी परसातलं पान आणून शेजारी ठेवलं. दोन्ही पानं मधून दुभंगलेली, गाईच्या खुरासारखी. पण आपट्याचं लहान, जाड, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. शहरात निम्मी मंडळी कांचनच वाटतात म्हणे. तुम्ही आणणार असाल तर फांद्या तोडू नका, मूठभर पानं पुरतात.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, विळे, नांगर, मोटरसायकल, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली. दाराला झेंडूसोबत धानाच्या लोंब्यांचं तोरण लागलं. जेवायला पुरणपोळी, कढी आणि भजी. संध्याकाळी सगळं गाव शिलंगणाला निघालं, म्हणजे शीव ओलांडायला. शिवेबाहेरच्या आपट्याच्या झाडाला हळदकुंकू वाहिलं, आणि मग निवृत्त मास्तर म्हणून मामाजी कथा सांगायला उभे राहिले. हा त्यांचा दरवर्षीचा मान. बापू गर्दीत मागे हात बांधून उभे होते.

मामाजी सांगू लागले, "कौत्साचं शिक्षण झालं. गुरूले म्हणे, दक्षिणा काय देऊ? गुरू म्हणे, काई नको. यानं हट्टच धरला. गुरू चिडले. चौदा विद्या शिकवल्या, आण चौदा कोटी सुवर्णमुद्रा! पोरगा गेला रघुराजाकडे. राजानं यज्ञात होतं नव्हतं ते वाटून टाकलेलं, मातीच्या भांड्यात पाहुणचार केला. ते भांडं पाहून कौत्स मागं फिरला. राजा म्हणे, माझ्या दारातून कोणी रिकामा जाणार नाई. त्यानं कुबेरावर चाल करायचं ठरवलं. कुबेर घाबरला अन् रातोरात आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्सानं चौदा कोटी मोजून घेतले अन् गुरूले दिले. बोला, रामचंद्र महाराज की..."

"मास्तर, उरलेलं सोनं कोणाकडे गेलं?"

बापूंचा आवाज. 'जय' लोकांच्या तोंडातच राहिला. माधवीनं माझं मनगट घट्ट धरलं.

मामाजींनी चष्मा काढून पुसला. "उरलेलं राजाचं नव्हतं," ते म्हणाले. "राजा म्हणे, हे तुझ्यासाठी आलं, सारं घेऊन जा. कौत्स म्हणे, मले चौदा कोटीच पाहिजे होते. दोघंही एकमेकाले... दोघंही घेईनात. म्हणून ते झाडाखाली लोकाले वाटून टाकलं. म्हणून आपण..." आणि ते पानं तोडायला झाडाकडे वळले.

मला तर तिथेच ही रीत पहिल्यांदा कळली. आपण पान देतो ते श्रीमंतीची आठवण म्हणून नाही. ज्या सोन्यावर दोघांनीही हक्क सांगितला नाही, ते हे सोनं. म्हणून घेणाऱ्यानंही आपल्याजवळचं एक पान परत द्यायचं असतं, आणि म्हणून या दिवशी रुसलेल्याच्या दारातही जाता येतं. एरवी गेलात तर लोक विचारतील काऊन, म्हणजे कशाला, आला, आज कोणी विचारत नाही.

घरी परतल्यावर सासूबाईंनी दारात सगळ्यांना ओवाळलं. पहिलं पान देव्हाऱ्यात, दुसरं मारुतीला, मग घरातल्या थोरांना. सगळी पोरंटोरं सोनं घेऊन गावभर पांगली. मामाजी ओसरीवर ताटासमोर बसले. समोरच्या ओसरीवर बापू ताटासमोर बसले. मधला रस्ता बैलगाडीपुरता. माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती रागानं म्हणाली, "बाबा, कथा सांगता कशाला मग दरवर्षी?"

मामाजींनी ताटातून पानं उचलली, चप्पल न घालता रस्ता ओलांडला आणि बापूंसमोर उभे राहिले.

"काका, सोनं घ्या. सोन्यासारखे राहा." आणि वाकले.

बापू गडबडून उठले. ताट पडलं, पानं ओसरीभर झाली. "पाया काऊन पडून राह्यला? तू मोठा आहेस ना माह्याहून."

"काका तू आहेस."

"मले काका नको म्हणू. बापू म्हण." त्यांनी खाली वाकून पडलेल्यातलं एक पान उचललं, मामाजींच्या हातात दिलं आणि हात सोडलाच नाही. बापूंच्या बायकोनं, काकूंनी, आतून पाट आणले. त्या रात्री आम्ही सगळे तिकडेच जेवलो आणि मला भजी सक्तीनं दुसऱ्यांदा खावी लागली.

पुण्याला येऊन महिना झाला. सहल म्हणाल तर स्वस्तात पडली. ताडोबा बघायला वेळ मिळाला नाही याचं वाईटही वाटलं नाही. दोन म्हातारे बोलू लागले, त्यापुढे वाघ काय. दिवाळीनंतर बापू नागपूरला गेले. त्यांना सोडायला म्हणून मामाजी सोबत गेले, दोन दिवसांसाठी. जो माणूस लेकीकडे पुण्यालाही चार रात्री धड राहिला नाही, तो अजून तिथेच आहे. काल माधवीनं आईला फोन करून विचारलं, बाबा कधी येणार?

सासूबाई म्हणाल्या, "धान कापायले आलं, म्या रोज फोन करून राह्यली. म्हणते, बापूले इथी करमत नाई, अजून दोन दिवस राह्यतो. आता तूच विचार त्याईले, बापूले करमत नाई का तुमाले."