एक रोडगा आणि मोठी आई
आमच्या घरी भाकरी मोजून असायची. माय म्हणायची, "मी आधीच जेवली," आणि आम्ही ते खरं मानायचो. पांढुर्ण्याच्या मंडीत बाबा संत्र्याची पोती उचलायचे. त्या घरातला कॉलेज पास झालेला पहिला माणूस मी, हे मी अजूनही न विचारता सांगतो.

पुढे नोकरी लागली, बसायचं काम, आणि साखर वाढली. नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, पाव ताट पोळी नाहीतर भात. तीन महिन्यांनी साखर उतरली नाही तर गोळी सुरू.

बाईंनी मोठ्या आईला पाहिलं नव्हतं. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या हाती वाढायचा चमचा असला की पंगतीतून कोणी हलकं उठत नाही.

घरच्या नवसासाठी आम्ही जामसांवलीच्या देवळात रोडग्यांचा स्वयंपाक केला. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे म्हणजे रोडगे, सोबत वरण, वांग्याची भाजी. मी पत्रावळीवर हात आडवा धरला, तर तिनं हातावरच तूप ओतलं.

"शनिवार आहे, माझा उपास आहे," मी म्हणालो.

"मंग वांगं काहून खाऊन राहिला?"

शेजारचा मेहुणा ठसकला.

"मोठी आई, साखर आहे मले."

"साखर त मीही टाकतो चहात. रोडग्यात कुठी साखर रे? लहानपणी तुले पोटभर भेटलं नाही, आता भेटून राहिलं त नाही म्हनते!"

पत्रावळीवर दुसरा रोडगा आदळायच्या आत मी उठलो, हात धुतले आणि वरणाची बादली उचलली. आमच्याकडे वाढणाऱ्याला कोणी वाढत नाही. तो शेवटच्या पंगतीला बसतो. शेवटच्या पंगतीत स्वयंपाकाच्या बायाही बसतात. तिथं मी मोठ्या आईला पहिली बसवली.

"एक रोडगा घे," मी म्हणालो.

"बस झालं बाप्पा."

"माह्याच हातचा समज. तुले माही शपथ."

शपथ तिचंच हत्यार होतं. तिनं तीन रोडगे तुपात बुडवून खाल्ले आणि चौथ्याला पत्रावळीवर दोन्ही हात ठेवले. मी त्या हातांवर तूप ओतलं.

"अरे मेल्या, पोट फुटते माहं!"

"माहं काय लोखंडाचं आहे?"

ती इतकी हसली की तिला उठवायला दोघीजणी लागल्या असत्या. ती बसलेलीच होती तेवढ्यात मी माझं ताट माझ्या हातानं वाढून घेतलं. अर्धं वांग्याची भाजी आणि काकडी, एक वाटी वरण, एक रोडगा. ती ताटाकडे पाहत राहिली, पण चमचा तिच्या हाताला लागत नव्हता.

त्यानंतर सौंसरची दोन लग्नं आणि बोरगावचं एक बारसं मी बादली हातात घेऊनच काढलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर उतरली. गोळी सुरू झाली नाही.