एका पानात बसवलेलं सोयाबीन

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मी सेनगाव तालुक्यात नव्यानं कृषी सहायक म्हणून रुजू झाले होते. गोरेगाव आणि आसपासची गावं, तांडे माझ्याकडे होते. मला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक, मला इंग्रजी वाचता येतं. दोन, मला सोपं मराठी लिहिता येतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं, पण मी सांगत असे.

उन्हाळ्यात एक दिवस साहेबांनी माझ्यासमोर विद्यापीठाची एक पुस्तिका टाकली. विषय होता घरचं सोयाबीन बियाणं म्हणून कसं राखावं आणि पेरणीआधी त्याची उगवण कशी तपासावी. चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत. साहेब म्हणाले, "मॅडम, याचा सारांश करा, सोप्या मराठीत. एका पानात बसला पाहिजे. पाठपोट नको, झेरॉक्सचं बजेट नाही."

विषय महत्त्वाचा होता, हे मलाही कळत होतं. सोयाबीनचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं, दरवर्षी पिशवी विकत आणायची गरज नसते. पण हे बी भलतंच नाजूक. साल पातळ, आतला अंकुर अगदी सालीला चिकटून. दिसायला पिवळंधमक, टपोरं, आणि पेरलं की उगवतच नाही, असं होतं. म्हणून आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीप्रमाणे एकरी तीस किलो पेरायचं. सत्तरच्या खाली आले तर त्या हिशोबानं बी वाढवायचं. साठच्याही खाली गेले तर ते बी पेरायचंच नाही, तेल गिरणीला घालायचं.

मी दोन दिवस खपून लिहिलं. आधीच्या एका पत्रकात कुणीतरी 'बीजांकुरण क्षमता चाचणी' असं लिहिलं होतं, ते वाचून मला कीव आली. मी लिहिलं, 'बी उगवतं का, घरीच बघा.' 'आर्द्रतायुक्त माध्यम' नाही, 'ओलं पोतं'. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाण्याचा शिपका, सहा-सात दिवसांनी उघडून मोजणी. लिहिता लिहिता माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटत होतं.

पान मात्र भरून खाली चार ओळी उरत होत्या. वर साहेबांचे 'दोन शब्द' होते, ते दोन नव्हते, सात ओळी होत्या. त्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. मग मी माझ्याच मजकुरातल्या फालतू वाटणाऱ्या ओळी उडवल्या. साठवणुकीचा भाग गेला, कारण साठवण तर झालेलीच होती. 'नमुना कसा घ्यावा' हा परिच्छेद गेला, कारण पोत्यातून शंभर दाणे घ्यायला कुणाला शिकवावं लागतं? मी लिहिलं, 'पोत्यातले शंभर दाणे घ्या.' पान बसलं. साहेब खूश झाले, म्हणाले, "भाषा चांगली आहे तुमची." मी पुढचे आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

साडेतीनशे प्रती काढल्या. गोरेगावच्या बाजारात वाटल्या, जीपवाल्यांच्या हाती गावोगाव धाडल्या आणि काही मी स्वतः घेऊन एका तांड्यावर गेले. तिथे एक आजी होती. सत्तरीची असेल, आवाज मात्र असा की दोन शेतांपलीकडचा बैल वळून बघायचा. तिच्या घरात तेव्हा भांडण पेटलेलं होतं. मुलाचं म्हणणं, यंदा दुकानातून सीलबंद बी आणू. आजीचं म्हणणं, घरात पाच पोती पडलीत, ती काय पाहुण्याची हायेत? चार एकर रान होतं. बी फसलं तर हंगाम गेला, आणि आजीचा शब्दही गेला. सूनबाई दोघांच्या मधे बसून भाकरी थापत होती.

मी कागद वाचून दाखवला. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मुलाला म्हणाली, "आता ह्या बाईच्या कागदानंच निवाडा होऊ दे." मुलगा म्हणाला, "व्हय, होऊ दे."

आठवड्यानं मी निकाल बघायला गेले. आजी ओट्यावर तयारच होती. तिनं गोणपाट उलगडलं आणि मी बघतच राहिले. एकेक दाणा फुटलेला, मोड कसे सरळ, एका उंचीचे. आजीला शाळा ठाऊक नव्हती, ती विसांनी मोजायची. बोट ठेवत ठेवत तिनं मोजलं आणि जाहीर केलं, "पाच विसाला दोन कमी." म्हणजे अठ्ठ्याण्णव! मुलगा मान खाली घालून चिलीम शोधायला लागला. मी मनात अहवालाची वाक्यं जुळवायला लागले.

तेवढ्यात सूनबाई पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, "उगतील न्हाई तं काय. दोन दिस निवडून राहिल्या होत्या आत्याबाई. सूप घेऊन उजेडाला बसायच्या. सुरकुतलेला एक दाना घेतला न्हाई, फुटका न्हाई, डागी न्हाई."

मी म्हटलं, "आजी, निवडून घेतले?"

"मंग!" आजी माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच खुळी. "सरकारी बाई बघायला येणार. तिला काय कोंडा दाखवू? घरात पाव्हनं आलं तं आपन चांगलं तेच पुढं करतो ना?"

मी तशीच उठले. घरी येऊन पुस्तिका काढली. मी उडवलेला परिच्छेद तिथे होताच, चांगला सहा ओळींचा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ घ्या, सगळं एकत्र मिसळा, त्यातून न निवडता शंभर दाणे मोजा. न निवडता. मी ज्याला फालतू म्हटलं होतं, त्यावरच सगळी तपासणी उभी होती. आणि हा घोळ एकट्या आजीचा नव्हता. साडेतीनशे घरांत बायका सूप घेऊन उजेडाला बसल्या असतील आणि प्रत्येक घरचं बी अठ्ठ्याण्णव उगवत असेल, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

पेरणीला अजून पंधरा-वीस दिवस होते एवढंच माझं नशीब. दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, "नवीन कागद काढा." मी धीर करून म्हटलं, "सर, तुमचे दोन शब्द काढावे लागतील." त्यांनी जुना कागद ओढून आपल्या सात ओळी वाचल्या. मग म्हणाले, "काढा." त्या माणसाबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले आहे, पण हे त्यांच्या खात्यावर चांगलंच आहे.

नव्या कागदात ती ओळ कशी लिहायची, यावर मात्र मी अडले. पुस्तिकेतल्या 'रँडम' या शब्दाला सरकारी मराठीत 'यादृच्छिक' म्हणतात. तो शब्द तांड्यावर नेला असता तर कुत्री अंगावर आली असती. 'न निवडता घ्या' म्हटलं तर बायका मान डोलावतील आणि तरीही खडा काढावा तसा डागी दाणा बाजूला टाकतील. हात ऐकत नाही त्यांचा. शेवटी पुन्हा आजीकडं गेले, आणि चूक माझी होती हे सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती नुसती म्हणाली, "मंग डोळे मिटून घेऊ का?"

तेच मी कागदात लिहिलं आणि दोन दिवसांत साडेतीनशे घरी पुन्हा धाडलं: डोळे मिटून घ्या.

सुचवलं त्याच दिवशी आजीनं खरंच डोळे गच्च मिटले. एकेका पोत्यात वर, मधी आणि तळाला हात घातला. मधेच तिचा अंगठा एका दाण्यावर घुटमळला तसा मुलगा आईला तांड्याच्या बोलीत ओरडला, "ए याडी, चाचपू नको!" आम्ही सगळे हसलो. ती डोळे न उघडता म्हणाली, "गप रे." पुन्हा शंभर दाणे, पुन्हा ओलं पोतं.

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडली तेव्हा ओळींमधे खिंडारं होती. काही दाणे नुसते फुगून कुजले होते. आजी या वेळी सावकाश मोजत होती. शेवटच्या मोडावर बोट ठेवून म्हणाली, "तीन विसा न् चार."

चौसष्ट. मुलाचा चेहरा उजळला होता, पण मी घाईनं हिशोब सांगितला. साठच्या वर आहे, पेरता येतं. फक्त एकरी तीसच्या जागी तेहतीस किलो टाका. पाच पोत्यांत ते सहज भागत होतं. आधीच्या अठ्ठ्याण्णववर विसंबून तीसच टाकलं असतं तर रान विरळ राहिलं असतं आणि दोष आजीच्या बियाण्याला लागला असता. आजीनं हिशोब दोनदा म्हणून घेतला. मग तिनं मला विचारलं,

"हे डोळे मिटायचं पुस्तकात होतं का?"

"होतं. वेगळ्या शब्दांत होतं."

"मंग तुज्या कागदात काहून नव्हतं?"

"जागा नव्हती आजी. एका पानात बसवायचं होतं."

ती गालात हसली. "म्हंजे तूबी निवडूनच आनलं व्हतंस. चांगलं चांगलं वरचं."

मला आधी राग आला. माझ्या भाषेला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मग इतकी लाज वाटली की मी पिशवीचा बंद सोडायला-बांधायला लागले.

"आनलंय का पुस्तक?" आजीनं विचारलं. पिशवीत होतंच. ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. "वाच आता. सगळं. जागा हाये इथं बक्कळ."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. इंग्रजी वाचत होते आणि तोंडानं मराठी सांगत होते, जिथे अडले तिथे सूनबाई शब्द पुरवत होती. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवा, पोती फार उंच रचू नका, असं करत करत मी साठवणुकीच्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं, बियाण्याची पोती ट्रॅक्टरवरून खाली फेकू नका, आदळलं की आतला अंकुर मोडतो आणि वरून काहीच दिसत नाही.

मी मान वर केली. आजी माझ्याकडं बघतच नव्हती. ती मुलाकडं बघत होती, सूनबाईही त्याच्याकडंच बघत होती, आणि मुलगा आपल्या पायांकडं. "कसं धबाधबा टाकत होता," आजी म्हणाली, "मी सांगत होते, लेकरासारखं उतरव." मुलगा माझ्यावरच उखडला, "मंग हे सुगीत काहून न्हाई सांगितलं, बाई?"

सुगीत मी या तालुक्यात नव्हतेच, असं सांगता आलं असतं. पण ते वाक्यही मीच पुसलं होतं, साठवण तर झालेलीच आहे म्हणून. "पुढच्या सुगीच्या आधी घेऊन येते," मी म्हटलं आणि पुढचं पान उलटलं.