रेघकाकू आणि कापडाचं हृदय

आमच्या इमारतीत तळमजल्यावर रेघकाकू राहतात. हे नाव मीच ठेवलंय, आणि त्यांच्या तोंडावरच ठेवलंय. कधीही दार वाजवा, बाई टेबलाशी बसलेल्या, डोळ्याला भिंग, हातात टाचणी, समोर छापखान्यातून आलेलं पान. पानावर कधी फुलाचं चित्र, कधी कानाचं, कधी जठराचं. मी आपली विचारते, "काकू, चहा टाकू का?" तर उत्तर, "थांब गं, एक रेघ राहिलीय."

त्यांचं काम म्हणजे शाळेची विज्ञानाची पुस्तकं दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत आणायची. मजकूर एक वेळ सोपा, चित्रं महाकटकटीची, असं त्या म्हणतात. चित्र तेच ठेवायचं, त्याच्या पाट्या बदलायच्या. काकू भागांना आकडे देतात, प्रत्येक आकड्यापुढे आपला शब्द लिहितात, आणि छापखान्यातली माणसं तो शब्द चित्राच्या कडेला बसवून त्याची रेघ भागापर्यंत नेतात. मग पान तपासायला परत येतं. रेघेचं टोक नेमकं त्या भागावर टेकलंय का, हे काकू टाचणीनं बघतात. केसभर सरकलं तर पान परत. छापखान्यात म्हणे त्यांचा फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघतात.

मी वरच्या मजल्यावरची शिंपीण. मशीन खिडकीशी, कात्री गळ्यात, आणि तोंड कात्रीपेक्षा धारदार, असं ठमीचे बाबा म्हणतात. म्हणू देत. ते यंत्रं दुरुस्त करतात. त्यांच्या कामापायी आम्ही कितीतरी वर्षं दुसऱ्या मुलखात होतो, आणि आमची ठमी तिकडच्याच शाळेत, तिकडच्याच भाषेत शिकली. तिथला कारखाना बंद पडला नि आम्ही गाशा गुंडाळून परत आलो. घरी आम्ही आपलंच बोलायचो, त्यामुळे बोलण्यात पोरीला काही अडचण नव्हती. पण विज्ञान ती तिकडच्या शब्दांत शिकली होती ना!

इथल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी पोरीला बघितलं, कागद बघितले आणि म्हणाल्या, "सुट्टीनंतर विज्ञानाची चाचणी घेऊ. जमलं तर आठवीत. नाही जमलं तर सहावीत बसवावं लागेल."

सहावीत! ठमी माझ्या खांद्याच्या वर गेलेली. त्या चिमुरड्यांच्या बाकावर तिचे गुडघे तरी मावले असते का? घरी आल्यावर ती जेवली नाही. नुसती दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

मी तशीच चपला अडकवून खाली गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या आणि कपाटातून एक पुस्तक काढलं. "तुझी लेक शिकली ना, तेच पुस्तक आहे हे. मीच आणलंय आपल्या भाषेत. चित्रंसुद्धा तीच. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांग, आणि अडलं तर माझ्याकडे पाठव." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेच. "अगं, ऊठ, टाचण्या सांडल्यात तिथे!" म्हणून ओरडल्या.

ठमी हट्टालाच पेटली. डावीकडे जुनं पुस्तक, उजवीकडे नवं. दिवसभर तिची पुटपुट माझ्या मशीनच्या आवाजात मिसळायची. अलिंद, निलय, झडप, महाधमनी. मी टीप मारता मारता ऐकायचे. माझी शाळा सातवीतच सुटलेली, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोर घडाघडा म्हणते म्हटल्यावर मी खूश. गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. एकीनं तर कंटाळून ब्लाउज न घालून बघताच नेलं.

मग एके दुपारी काकूंनी तिला खाली बोलावलं. मीही गेले, अर्थात मिरवायला. काकूंनी हृदयाचं चित्र पुढ्यात ठेवलं, पण त्यावर शब्द नव्हते, रेघाही नव्हत्या. नुसतं हृदय. विचारलं, "फुफ्फुसाकडे रक्त कशातून जातं?"

ठमीनं बरोबर नळीवर बोट ठेवलं. "यातून. महाधमनीतून."

"आणि ही वरची, कमानीसारखी वळलेली?"

"फुफ्फुस धमनी. सगळ्या शरीराला रक्त देते."

मग काकूंनी डोळ्याचं चित्र काढलं, मग फुलाचं. तिथेही तेच. काही नावं बरोबर, काही एकमेकांच्या जागी. परागकोषाला कुक्षी म्हणाली. माझ्याकडे बघून ठमीचा चेहरा पडला.

मला असला संताप आला! वर गेले, ते पुस्तक घेऊन आले आणि काकूंच्या टेबलावर आपटलं. "पोरीनं जे छापलंय तेच पाठ केलंय! एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुमचं पुस्तकच चुकलेलं असेल तर तिनं काय करायचं? चाचणी तोंडावर आलीय!" ज्यांच्या पाया पडले होते, त्यांच्याशीच भांडायला उभी राहिले. माझं हे असंच.

काकू रागावल्या नाहीत. भिंग लावलं. पानावर टाचणी फिरवली. "टोकं बरोबर आहेत," पुटपुटल्या. मग ठमीला म्हणाल्या, "बाळ, तू कसं पाठ केलंस, तसं करून दाखव बरं."

ठमीनं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. जुन्या चित्रात उजवीकडचा सगळ्यांत वरचा शब्द वाचला, नव्या चित्रात उजवीकडचा सगळ्यांत वरचा शब्द वाचला. दुसऱ्याला दुसरा. तिसऱ्याला तिसरा.

"आणि रेघा?"

"रेघा कशाला बघायच्या? चित्र तेच आहे ना, काकू."

तेव्हा उलगडा झाला. "फुफ्फुस धमनी" हे लांबलचक नाव जुन्या चित्रातल्या वरून दुसऱ्या जागी मावत नव्हतं. छापखान्यानं ते वर घेतलं, "महाधमनी" त्याच्या खाली आणली आणि दोन रेघा एकमेकींवरून नेल्या. डोळ्याच्या, फुलाच्या पानावरही असंच झालं होतं. टोकं आपापल्या भागावर पोचली होती, म्हणून काकूंनी पान पास केलं. पण जुनं पुस्तक शेजारी ठेवून शिकणारं पोर वरच्याला वरचं जुळवणार, हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? एकाच माध्यमात शिकणाऱ्या मुलानं अशी चूक केलीच नसती. ती दोन पुस्तकं असलेल्या पोरीनंच करायची.

"मी टोकंच बघत बसले," काकू म्हणाल्या. "मूल कुठून बघायला सुरुवात करतं, ते बघितलंच नाही."

मी ओशाळून काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानं थांबवलं. मग सांगितलं. त्याही लहानपणी अशाच शाळा बदलून आल्या होत्या. तेव्हा शेजारी ठेवायला दुसरं पुस्तकच नव्हतं. वर्गात सगळ्यांत उंच, तरी खालच्या वर्गात बसवलेल्या. बाकी मुलं त्यांना "आज्जी" म्हणायची. पुढे शिकल्या, विज्ञान शिकवलं, आणि शिकवून शिकवून घसा बसला तेव्हा हे काम घेतलं. "माझ्या वेळी हे असतं, तर," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. जिना चढून धाप लागलेली. "तुझ्याकडच्या चिंध्या काढ. आपण हृदय शिवू."

"काकू, मी आजवर फ्रॉक शिवलेत, झबली शिवलीत..."

"मग खिसे शिवता येतात ना? चार खिसे, बस."

खरंच चार खिसे. वर दोन लहान, ती अलिंदं. खाली दोन मोठे, ती निलयं. मधे पडदा. काकू सांगत होत्या, ठमी कापत होती, मी शिवत होते. डाव्या निलयाला काकूंनी कोटाचं जाड अस्तर घालायला लावलं. "का?" मी विचारलं. "उजव्याला रक्त शेजारी फुफ्फुसापर्यंतच ढकलायचंय. याला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. भिंत जाड नको?" झडपा मी खिशाच्या पट्टीसारख्या बसवल्या, एकाच बाजूला उघडणाऱ्या. महाधमनीला लाल कापड, फुफ्फुस धमनीला निळं, कारण तिच्यातून जाणारं रक्त अजून शुद्ध व्हायचंय. फुफ्फुसाकडून परत येणाऱ्या शिरा मात्र लाल. ठमीनं त्या सगळ्या वाटांवरून बोट फिरवलं. काकूंचा नियम एकच होता. "आधी काम सांग, हवं तर तुझ्या जुन्या भाषेत. मग नाव. आणि चित्र समोर आलं की आधी रेघेचं टोक, मग शब्द."

तरी डावं-उजवं पोरीला छळतच होतं. डावं निलय पानाच्या उजवीकडे का? शेवटी मी नाड्या लावून ते हृदय तिच्या छातीवर बांधलं, माप घेताना उभी राहते तशी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "गिऱ्हाईक समोर असलं की त्याची डावी बाही माझ्या उजव्या हाताला येते. पुस्तकातलं हृदयही तसंच कुणाचं तरी आहे, तुझ्याकडे तोंड करून उभं राहिलेलं." ठमी क्षणभर बघत राहिली, मग फिदीफिदी हसायला लागली. "एवढंच होय, आई!" काकू म्हणाल्या, "हे मी पुढच्या वेळी पुस्तकातच लिहिते."

तसंच डोळ्याचं झालं, फुलाचं झालं. आमची खोली चिंध्यांच्या अवयवांनी भरून गेली. ठमीचे बाबा एकदा जठरावर बसले.

चाचणीच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी. आतून आवाज काही येत नव्हता, नुसती काचेतून ठमीची पाठ दिसत होती. एकदा तिनं उजवा हात उचलून हळूच छातीच्या डाव्या बाजूला ठेवला, जरा थांबली आणि लिहायला लागली. मला तिथेच कळलं. तरी मोठ्या बाई बाहेर येऊन "आठवीत बसवू हिला" म्हणेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी धावत आलो. ठमी बाबांकडे वर पळाली, मी काकूंच्या दारावर थापा मारल्या. दार उघडलं. हातात टाचणी, टेबलावर तेच हृदयाचं पान, नव्या छपाईचं. पाट्या सुट्या सुट्या, एकही रेघ दुसरीला ओलांडत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असणार. पण बाई कसल्या पक्क्या! पोरीचं काय झालं ते विचारलंच नाही.

"बोल," म्हणाल्या, "महाधमनी कुठे जाते?"

मला विचारत होत्या. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला. मी पानावरचा शब्द वाचला, रेघेवरून बोट नेलं, टोकाशी थांबले.

"डाव्या निलयातून निघते, काकू. सगळ्या अंगाला जाते."

काकूंनी टाचणी खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं. नंतर आम्ही दोघी कितीतरी वेळ रडत होतो आणि त्या बसल्या घशानं म्हणत होत्या, "बरोबर. अगदी बरोबर. बस, चहा टाकते."