इंग्रजी कागद उलटा ठेवून

मला राग लवकर येतो आणि सगळ्यात लवकर येतो तो बरोबर असलेल्या वाक्यांचा. चुकलेलं वाक्य बिचारं पकडलं जातं, कुणीतरी लाल पेन चालवतं आणि विषय संपतो. पण ‘हे महत्त्वाचे आहे की तुम्ही भरपूर पाणी प्यावे’ या वाक्याचं काय करायचं? शब्द मराठी, व्याकरण शुद्ध, आणि तरी आजवर कुठल्याही मराठी घरात कुणी कुणाला असं पाणी पाजलेलं नाही. ‘पाणी भरपूर प्या’ म्हणतो आपण आणि मोकळे होतो.

मी घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं, विम्याची पत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या त्या घडीच्या चिठ्ठ्या, जे येईल ते. नवऱ्याची नोकरी इथल्या मोठ्या रुग्णालयात. तो डॉक्टर म्हणून आला आणि चार वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत आम्ही चंडीगडचेच झालो. माझं कऱ्हाडचं मराठी मी लोणच्याच्या बरणीसारखं जपून आणलं होतं. मुलीने मात्र त्यातली फोडही कधी ताटात घेतली नाही. ती जन्मली इथे, शाळा इथली, मैत्रिणी पंजाबी. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. ‘जेवायला ये गं.’ ‘आई, दो मिनट.’ कऱ्हाडला गेलो की आत्या-मावश्या तिला पाहुणी म्हणून चिडवायच्या. ती हसायची, मला मात्र ते लागायचं.

म्हणून आयटी पार्कातून ती एका संध्याकाळी आली आणि म्हणाली, ‘आई, मैंने मराठी का काम ले लिया,’ तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. तिची कंपनी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या पेशंटसाठी मोबाइलवरचं ॲप बनवते. सूचना मूळ इंग्रजीत, त्यांचा मराठी खर्डा यंत्र करतं आणि तो कुणीतरी माणसाने सुधारायचा. कुणाला मराठी येतं का, असं विचारल्यावर तिने हात वर केला होता. पहिलं काम हृदयविकाराच्या पेशंटचं होतं. गिऱ्हाईक कंपनीचे पुण्यातले तपासनीस ते बघणार होते. त्यांनी पसंत केलं तर मराठीचं काम कायमचं तिचं. नाही तर ती परत आपल्या जुन्या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टेबलावर आणि पेशंटच्या हातात यंत्राने दिलेलं जसंच्या तसं.

‘तू दुरुस्त करून देऊ नकोस हं,’ तिने बजावलं. हे वाक्य ती मराठीत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रविवारी गच्चीवर उन्हात आम्ही किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत बसलो होतो. तिने खर्डा वाचायला घेतला. ‘जर तुम्ही छातीत कोणताही त्रास अनुभवत असाल.’ ‘खात्री करा की तुमची जखम कोरडी आहे.’ ‘गोळी घेणे बंद करू नका जोपर्यंत तुमचे डॉक्टर तुम्हाला तसे करण्यास सांगत नाहीत, जरी तुम्हाला बरे वाटत असले.’

माझ्या हातातली फोड तशीच राहिली.

‘काय चुकलंय यात?’ तिने विचारलं.

‘काहीच नाही.’

‘फिर?’

‘तेच तर. एक शब्द चुकलेला नाही, आणि एक वाक्य मराठी नाही.’

‘आई यार, ये तो टॉर्चर है.’

तिचं खरं होतं. नसलेली चूक दाखवायची कशी? मी तिला म्हटलं, हे वाक्य ऐकताना मला मागचं इंग्रजी ऐकू येतं. कुठे काय आलं असेल ते मी न बघता सांगू शकते. आणि हे ‘तुमचे, तुम्हाला, तुमची’ मोज. आपलं ‘करू नका’ एवढं क्रियापदच समोरच्याकडे बोट दाखवतं, दरवेळी त्याला ‘तुम्ही, तुम्ही’ म्हणून ढोसावं लागत नाही. शिवाय इंग्रजी आधी हुकूम सोडतं आणि अट मागून जोडतं. आपण बहुतेकदा अट आधी सांगतो आणि काय करायचं ते शेवटी. ताप आला तर कळवा. जेवण झालं की घ्या.

तिने ऐकून घेतलं आणि लगेच वाक्यांची डोकी-शेपट्या बदलायला लागली. वाक्य हललं, पण बसलं नाही. मग मी तिला माझ्या पहिल्या बाईंची रीत सांगितली. कोल्हापूरच्या एका छापखान्यात मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्या इंग्रजी मजकूर नीट वाचायला लावायच्या, मग कागद उलटा ठेवायला लावायच्या आणि म्हणायच्या, ‘आता मला सांग.’ सांगून झालं की ते लिहायचं. मग कागद सुलटा करून ताडून बघायचं की काही सांडलं तर नाही ना. आधी उलटा, मग सुलटा. मी आजही सगळं छापून घेते ते यासाठीच.

‘पण सांगू कुणाला?’ ती म्हणाली.

पेशंट घरातच होता. चहा झाल्यावर नवऱ्याला खुर्चीत बसवलं. आयुष्यभर पेशंटची नाटकं बघितलेला माणूस, त्याला कोण आनंद! त्याने छातीवर हात ठेवला आणि कण्हायलाच सुरुवात केली. लेकीने कागद उलटा ठेवला.

‘सिस्टर,’ तो म्हणाला, ‘आता मला एकदम बरं वाटतंय. कशाला उगाच खायची ती गोळी? बंद करतो.’

‘नाही बाबा! मनाने नाही बंद करायची. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मनाने काही करू नका!’

नवरा कण्हायचं विसरून माझ्याकडे बघायला लागला. ‘मनाने करू नकोस, आधी विचार.’ हे मी तिला गॅसच्या बटणापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत प्रत्येक बाबतीत म्हणत आले होते, आणि ती दरवेळी ‘हाँ हाँ’ म्हणून निघून गेली होती. मला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी. घडा पालथा नव्हता.

तिने लगबगीने लिहून काढलं, कागद सुलटा केला आणि कपाळाला हात लावला. ‘बरं वाटलं तरी’ हे राहून गेलं होतं. ‘घरगुती बोलायचं म्हणजे ढिलं बोलायचं असं नाही,’ मी म्हटलं. तिने ते घातलं. वाक्य झालं: ‘बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आपल्या मनाने गोळी बंद करू नका.’ मी पेनला हात लावला नव्हता. पुढचे सगळे दिवस नवरा रोज चहानंतर आजारी पडायचा. ‘छातीत कसंही होत असेल तर’, ‘जखम कोरडी राहील असं बघा’, एकेक करून खर्डा बदलत गेला. मधूनच हिंदीही डोकावायची, पण लेक ती आता स्वतःच पकडायला लागली.

तपासणीची मीटिंग तिने घरूनच घेतली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. मी पलीकडे मेथी निवडत होते, म्हणजे निवडायचं सोंग करत होते. पुण्याचे तपासनीस सभ्य होते, पण काटेकोर. त्यांच्यासमोर तक्ता होता. एका रकान्यात मूळ इंग्रजी, मग हिचं मराठी, आणि हिच्या मराठीचं कुणा तिसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत केलेलं भाषांतर. दोन्ही इंग्रजी जुळतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

‘मॅडम, गोळीचं वाक्य,’ ते म्हणाले. ‘यात “तुमचे” नाही, “तुम्हाला” नाही, “तसे करण्यास” नाही. आणि “आपल्या मनाने” हे मुळात नाहीच, ते तुम्ही घातलंय. यंत्राचं वाक्य जास्त जुळतं. तेच ठेवू या का?’

माझ्या हातात मेथीची अख्खी जुडी पिळली गेली. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. वाक्य तिचं होतं, भांडणही तिचंच.

एरवी मीटिंगमध्ये ती इंग्रजीत बोलते, अडलं की हिंदीत. त्या दिवशी तिने श्वास घेतला आणि मराठीत सुरुवात केली. सावकाश, एकेक पायरी चाचपत.

‘सर, एक मिनिट तो तक्ता बंद करता का? पूर्ण बंद. तुमच्या घरी कुणाला रोजची गोळी चालू आहे?’

‘वडिलांना. ब्लडप्रेशरची. का हो?’

‘समजा ते आज म्हणाले, मला आता बरं वाटतंय, गोळी बंद करतो. तर तुम्ही त्यांना काय म्हणाल?’

‘समजा कशाला, महिन्यातून एकदा म्हणतातच ते,’ सर हसले. ‘मी म्हणतो, बाबा, बरं वाटलं म्हणून काय झालं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने गोळी बंद करू नका.’

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मीटिंगमधलं दुसरं कुणीतरी खुदकन हसलं. मीही हसले असते, पण लेक अजून थांबली नव्हती.

‘फक्त “विचारल्याशिवाय” नको, सर. नुसतं विचारून भागत नाही. डॉक्टरांनी सांगायला पाहिजे. इंग्रजीत तसंच आहे, म्हणून मी “सांगितल्याशिवाय” ठेवलंय.’

आता ते मोठ्याने हसले. ‘ठेवा, तुमचंच ठेवा. “मनाने” का घातलं ते दोन ओळींत लिहून द्या, मी तक्त्याला जोडतो. आणि पुढचीही पानं तुम्हीच करा. कुठल्या तुम्ही, पुण्याच्या?’

‘नाही सर,’ ती म्हणाली. ‘चंडीगडची.’

मी सिंकपाशी जाऊन नळ सोडला. मेथी धुवायची होतीच. कऱ्हाडला सगळ्यांना फोन करून सांगायचं मी तेव्हाच ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत सांगूनही टाकलं. आत्यांना एकेक वाक्य वाचून दाखवलं. एक आत्या म्हणाली, ‘यात विशेष काय? असंच तर बोलतो आपण.’ एवढी मोठी शाबासकी मला माझ्या कुठल्याच भाषांतरासाठी मिळालेली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी वॉशिंग मशीनच्या पुस्तकावर घाईने काम करत होते. पान दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. लेक कॉफीचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून वाचायला लागली. मी नुकतंच लिहिलं होतं: ‘खात्री करा की मशीनचे दार व्यवस्थित बंद आहे.’

‘आई,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘कागद उलटा ठेव.’

मी वळून बघितलं. ती अजिबात हसत नव्हती. माझ्या बाई अशाच उभ्या राहायच्या. तिने खुर्ची ओढली, समोर बसली आणि म्हणाली, ‘हं. आता मला सांग.’

मी कागद उलटा ठेवला आणि माझ्या लेकीला सांगितलं, ‘दार नीट लागलंय ना, ते बघून घे.’