ताप असताना आणा

सोलापूरच्या आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वरातीची एक पांढरी घोडी दोनदा आली आणि दोन्ही वेळा रक्ताच्या काचपट्टीवर काही सापडलं नाही. मालक भवानी पेठेतला. घोडी खात होती तरी वाळत चालली होती, पोटाखाली आणि पायांना सूज होती, डोळ्यांच्या कडा फिक्या होत्या. मला सर्राची, माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या रोगाची, शंका होती. त्याचे परजीवी रक्तात कायम सारखे दिसत नाहीत. ताप चढतो तेव्हा भरपूर, उतरला की जवळजवळ नाहीतच. उपचार नाही झाला तर घोडं बहुधा मरतं.

"ताप असताना आणा, असं मी तुम्हाला लिहून दिलं होतं," मी म्हणाले.

"ताप उतरला की आनतो की, मॅडम. तापात झुलत चालते ती. बाजारातनं नेली तर लोक बगत्यात. वरातीची घोडी हाय, एकदा आजारी म्हनली की कोन बोलावणार?"

त्याची बायको मागून म्हणाली, "ह्यांना घोडीची अब्रू लई. माजी कदी न्हाय इतकी जपली."

मी तिच्याकडे थर्मामीटर दिला, कसा लावायचा ते दाखवलं आणि ताप दिसला की फोन करायला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. मीच त्यांच्या गोठ्यावर गेले. कानाच्या शिरेतून थेंब घेतला आणि सोबत नेलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्तपेशींना ढकलत परजीवी वळवळत होते. मालकालाही पाहायला लावलं.

"हे जंत हायेत?"

"जंतांपेक्षा खूप लहान. गोमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता उठते आणि तोंडाला लागलेलं ताजं रक्त घेऊन शेजारच्याला चावते."

शेजारी, एकाच दावणीला, मुलांना पाठीवर बसवून फेरी मारणारा त्यांचाच उंट होता. पावसाळ्याआधी विकत आणलेला, जरा रोडावलेला, पण "ठणठणीत" म्हणून कुणी तपासला नव्हता. त्याच्याही रक्तात तेच निघालं. उंट महिनोन्‌महिने असा आजार ओढत राहतो आणि माश्या तो पसरवत राहतात.

दोघांना त्यांच्या वजनानुसार औषध दिलं, प्रत्येकाला वेगळी सुई. घोडीचा डोस कातडीखाली दोन ठिकाणी विभागला, गाठ कमी यावी म्हणून. मग सांगितलं: दोघांना लांब लांब बांधा, शेण रोज उचला, दिवसा जाळी लावा, कडुलिंबाचा धूर करा. मागच्या दारी बांधलेल्या म्हशीचंही रक्त तपासू या.

ताप दोन दिवसांत उतरला, सूज हळूहळू. महिन्याने फेरतपासणीला मालक घोडीला भर बाजारातून घेऊन आला. शेजाऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "रगत तपासाय चाललोय." पट्टी स्वच्छ होती. मी सांगितलं, एका स्वच्छ पट्टीवर विश्वास नको, अजून एकदा बघू, तोवर वरात नाही.

"व्हय," तो म्हणाला आणि घोडीला सावलीत नेऊन उभं केलं.