ग्रेड कशावरून ठरवला

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना पंपाचे सुटे भाग बनवतो आणि मी तिथं एच.आर. बघतो. बघतो म्हणजे खरोखर बघतच असतो. हजेरी, कँटीनच्या तक्रारी, रजेचे अर्ज, कुणाच्या मुलीच्या लग्नाची उचल. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारते, आज काय केलं, आणि मला काही आठवत नाही. असल्या माणसाला मालकांनी एक दिवस सगळ्या कारखान्याच्या पगाराची घडी बसवायला सांगितली.

सुरुवात क्वालिटीतल्या ताईंपासून झाली. त्या माहेरच्या बेलापूरच्या, लग्नानंतर नगरात आलेल्या, आणि माझ्याही आधीपासून कारखान्यात. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसायचं, माप चुकलेला माल बाजूला काढायचा, आणि ज्याचा माल बाजूला निघाला त्याच्या शिव्या खायच्या, असं त्यांचं काम. दुसऱ्या शेडला क्वालिटीसाठी एक नवा मुलगा घेतला होता. घेतला कुणी, तर मीच. तेव्हा माणूस मिळत नव्हता, तो मागेल ते कबूल केलं. पोरगं सरळ होतं. कँटीनमध्ये ताईंच्या शेजारी बसून त्यानं आपला पगार सांगून टाकला, वर विचारलंही, तुमचा तर जास्तच असेल ना.

ताई माझ्या टेबलासमोर आल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, चिडलेल्या माणसाला चहा पाजायची माझी पद्धत आहे.

"सर, सुप्याच्या कंपनीतून बोलावणं आलंय," त्या म्हणाल्या. "पगार जास्त आहे. पण पहाटे बस धरायची आणि पोरीला शाळेसाठी सासूबाईंनी तयार करायचं. मला जायचं नाही. महिनाअखेर त्यांना कळवायचंय. तोवर मला फक्त सांगा, त्याच्यात आणि माझ्यात फरक का आहे. घरी विचारतात, मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, बघतो.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, मग ग्रेड पाडा की. मोठ्या कंपन्यांत असतात. कोण का किती घेतो ते एका कागदावर दिसलं पाहिजे." सांगणं सोपं होतं. पण आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. दिवाळीत पगारवाढ द्यायला पैसे नसले की मालक हुद्दा वाटायचे. हुद्द्याला पैसे लागत नाहीत, आणि घरच्यांना पेढे वाटता येतात. त्यामुळे आमच्याकडे हेल्पर औषधालाही उरला नव्हता. गेटवर बसणारा सिक्युरिटी ऑफिसर, डिस्पॅचची बिलं फाडणारा लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह, आणि कँटीनचं कंत्राट बघणारा चक्क असिस्टंट मॅनेजर. ताईंना मात्र कुणी काही दिलं नव्हतं. त्या कधी मागायला गेल्या नाहीत, म्हणून त्या नुसत्या इन्स्पेक्टर राहिल्या. नव्या मुलाला मी सिनिअर इन्स्पेक्टर लिहून दिलं होतं, कारण त्यानं मागितलं.

हुद्द्यांवरून ग्रेड पाडले तर गेटवरचा माणूस इंजिनिअरच्या वर जाईल एवढं मला कळत होतं. म्हणून मी फार हुशारी केली. हुद्दे बाजूला ठेवले आणि सगळ्यांचे पगार कमीपासून जास्तपर्यंत एकाखाली एक मांडले. जिथं जिथं मधे मोठी उडी दिसली तिथं रेघ मारली. दोन रेघांमधला गठ्ठा म्हणजे एक ग्रेड. प्रत्येक ग्रेडला रंग दिला, हिरवा, पिवळा, आकाशी. छापून काढलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूष झालो की झेरॉक्सवाल्यालाही तो कागद उलटासुलटा करून दाखवला. तो म्हणाला, रांगोळी छान आहे.

मालकांनाही कागद पसंत पडला, कारण त्यात कुणालाच एक रुपया वाढवायचा नव्हता. प्रत्येक जण आधीपासूनच आपापल्या रंगात बसला होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ताईंना बोलावलं. कागद पुढे ठेवून रंगांवर बोट फिरवत मी समजावायला लागलो. "तुम्ही आकाशीत, म्हणजे तिसऱ्या ग्रेडला. तो चौथ्याला. चौथ्या ग्रेडचा पगाराचा पट्टा वरचा आहे, म्हणून त्याचा पगार जास्त."

"बरं," ताई म्हणाल्या. "मी तिसऱ्यात का?"

"कारण तुमचा सध्याचा पगार या दोन रेघांच्या मधे येतो."

बोलून गेलो आणि माझं बोट तिथंच थांबलं. पगार कमी म्हणून ग्रेड खालचा, आणि ग्रेड खालचा म्हणून पगार कमी. इतके दिवस बसून मी त्यांच्यावर झालेला अन्याय रंगवून, छापून त्यांनाच दाखवत होतो. मी शिक्षणाचा मुद्दा काढला, तर दोघंही डिप्लोमावाले. शेड वेगळी म्हटलं, तर मापं तीच. शेवटी मी म्हणालो, बाजार, तेव्हा माणूस मिळत नव्हता. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग उठल्या.

"महिनाअखेरपर्यंत आहे मी," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री काही मला झोप लागली नाही वगैरे असं नाही, छान लागली. थकवाच तेवढा होता. पण सकाळी तो रंगीत कागद फाडायला हात शिवशिवत होता. फाडला, आणि मालकांना सांगितलं की पुन्हा करावं लागेल, या वेळी पगार न बघता.

या खेपेला पद्धत उलटी केली. एकेका कामाचं एकेक कार्ड. त्यावर माणसाचं नाव नाही, हुद्दा नाही, पगार नाही. फक्त रोज काय करावं लागतं ते. प्रत्येक कार्डाला चार गोष्टींचे गुण द्यायचे. काम यायला किती शिकावं लागतं, चूक झाली तर केवढ्याला पडते, अंगमेहनत आणि डोळ्यांचा ताण किती, आणि उष्णता, धूळ, आवाज किती. मालक, अकाउंट्सच्या मॅडम, मी आणि प्रॉडक्शनचे जुने मॅनेजर असे आम्ही चौघं बसलो. मॅनेजर पाथर्डीकडचे, कारखान्याची पहिली मशीन बसवताना हजर असलेले, आणि त्यांना कार्ड बघून माणूस लगेच ओळखू यायचा.

"ह्यो आपला वेल्डर न्हाई का? लई गुणी पोरगं हाय. द्या त्याला वर."

"मॅनेजर, पोराला नाही, कामाला गुण द्यायचेत," मॅडम म्हणाल्या. "उद्या तो गेला आणि आळशी आला तरी खुर्ची तीच राहणार."

"आळशी आल्यावर खुर्ची कशी तीच राहील?"

"त्याची पगारवाढ कमी होईल. ग्रेड नाही बदलणार."

हा वाद रोज व्हायचा. दुपारच्या उन्हात पत्र्याखाली बसून माणूस आणि काम वेगवेगळं करता करता आमची डोकी शिजली. मालक तर एकदा कार्ड हातात घेऊन झोपले. क्वालिटीची पाळी आली तेव्हा माझ्याकडे दोन कार्डं होती, दोन शेडची. मॅडमनी दोन्ही वाचली आणि एक परत दिलं.

"हे दोनदा छापलंय तुम्ही."

मी म्हटलं, नाही, दोन माणसं आहेत.

"माणसं दोन असतील. काम एकच आहे."

चूक केवढ्याला पडते, या रकान्यात त्या कामाला मॅनेजरांनीच भरपूर गुण दिले. "एक लॉट परत आला तर काय हुतं, मला इचारा," ते म्हणाले. काम चौथ्या ग्रेडला बसलं.

मग आसपासच्या कारखान्यांत असल्या कामांना काय देतात याची चौकशी केली. तो भाव प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध ठेवला, खाली किमान, वर कमाल. नवशिका किमानाजवळ, मुरलेला माणूस मध्याच्या आसपास किंवा वर. वरच्या ग्रेडचं किमान मुद्दाम खालच्याच्या कमालापेक्षा कमी ठेवलं, म्हणजे खालचा अनुभवी माणूस वरच्या नवख्यापेक्षा जास्त घेऊ शकेल. आता शेवटी खरे पगार त्यावर ठेवले. ताई चौथ्या ग्रेडच्या किमानाच्याही खाली होत्या. नवा मुलगा मध्याच्या जरा वर. आणि एक गृहस्थ आपल्या पट्ट्याच्या कमालाच्याही वर निघाले, ते म्हणजे एच.आर.

मॅनेजर खुर्चीवर मागे रेलून हसले. "सायेब, तुमी सोताचंच धोतर सोडलं की."

नियम मीच लिहिला होता. कमालाच्या वरच्या माणसाचा पगार कापायचा नाही, पण पट्टा वर सरकून त्याला गाठेपर्यंत वाढ नाही. मला तो तेव्हा फार न्याय्य वाटला होता.

मालक म्हणाले, "ताईंना किमानावर आणा, झालं."

किमानावर आणलं तरी त्या नव्या मुलाच्या खालीच राहणार होत्या, अनुभव जास्त असून. मी म्हटलं, मग त्या पुन्हा विचारतील आणि मला पुन्हा बाजार म्हणावं लागेल. त्यांची जागा मध्याच्या वर आहे, त्या मुलाच्याही वर. मालकांनी डोळे मिटले. ते पैशाचा विचार करताना तसेच बसतात. मग म्हणाले, दोन टप्प्यांत. किमानापर्यंत या महिन्यात, उरलेलं एप्रिलला. मी ते पत्रावर लिहिलं आणि त्यांची सही घेतली.

महिनाअखेरीला ताई समोर बसल्या. या वेळी रंग नव्हते. कामाचं कार्ड, गुण, पट्टा आणि पट्ट्यातली त्यांची जागा. त्यांनी सगळं नीट वाचलं.

"सगळं आत्ता का नाही?"

उत्तर तयार होतं, दोन-तीन तर चांगली होती. कंटाळलो होतो, म्हणून खरं तेवढंच सांगितलं. "मालकांकडे आत्ता तेवढे पैसे नाहीत. दुसरं कारण नाही."

"हं. हे घरी सांगता येईल." पत्राची घडी घालता घालता त्या थांबल्या. "आणि एप्रिलला नाही झालं तर?"

"तर सुप्याला जा."

"जाईन. तुम्हालाही घेऊन जाईन. तुमची वाढ बंद झाली म्हणे."

त्यांनी त्याच दुपारी सुप्याला नाही म्हणून कळवलं. एप्रिलमध्ये मालकांनी पुन्हा डोळे मिटले आणि पुढच्या तिमाहीत बघू म्हणाले. मी पत्र पुढे ठेवून उभा राहिलो. पाय दुखायला लागले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि सही केली. त्या महिन्याच्या पगारात ताईंचा आकडा त्या मुलाच्या वर गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तो मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सर, ताईंना माझ्यापेक्षा जास्त का?"

मी खुर्ची दाखवली आणि कार्ड काढलं.